फोनवरचे बुकमार्क आणि पासवर्ड लॅपटॉपवर येत नाहीत: क्रोम सिंकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं गुगल क्रोमबद्दल आहे, म्हणजे अँड्रॉइड फोन किंवा आयफोनवरचं क्रोम आणि विंडोज, मॅक, लिनक्सच्या लॅपटॉपवरचं क्रोम. मेनूमधली नावं व्हर्जनप्रमाणे थोडी बदलतात, त्यामुळे तुमच्याकडे एखादा शब्द वेगळा दिसला तर घाबरू नका, जवळपासच असतो तो.

फोनवर बुकमार्क केलं तर ते लॅपटॉपवर जातं कसं? अडकतं कुठे?

फोन आणि लॅपटॉप एकमेकांशी थेट बोलत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. तुमच्या बुकमार्कच्या तीन प्रती असतात, एक फोनमध्ये, एक लॅपटॉपमध्ये आणि एक गुगलच्या सर्व्हरवर तुमच्या अकाउंटच्या नावाने. फोनवर स्टार दाबला की ते आधी फोनमध्ये साठतं, मग सर्व्हरवर चढतं, आणि तिथून लॅपटॉप ते उतरवून घेतो. नेट बरं असेल तर हे सगळं काही सेकंदांत होतं. म्हणजे अडचण दोनच ठिकाणी असू शकते, एकतर फोनवरून वर चढतच नाहीये किंवा वर चढलंय पण लॅपटॉप खाली घेत नाहीये. बहुतेक लोक हे न तपासताच दोन्हीकडे लॉगआउट करतात, अ‍ॅप काढून परत टाकतात आणि त्यात जे फक्त फोनमध्येच होतं ते कायमचं घालवून बसतात. म्हणून आधी शोधा, मग हात लावा.

मग चूक फोनची आहे का लॅपटॉपची, हे कसं शोधायचं?

लॅपटॉपवर `chrome.google.com/sync` हे पान उघडा, तुमच्या अकाउंटने. तिथे सर्व्हरवर काय काय साठलंय याची यादी दिसते, बुकमार्क किती, पासवर्ड किती वगैरे, प्रत्येकासमोर आकडा. समजा बुकमार्कसमोर ४१२ दिसतंय. आता फोनवर क्रोममध्ये कुठलंही एक साधं पान उघडा, तीन ठिपक्यांच्या मेनूतला स्टार दाबा, मिनिटभर थांबा आणि लॅपटॉपवर ते पान रिफ्रेश करा.

आकडा ४१३ झाला तर फोन त्याचं काम नीट करतोय, दोष लॅपटॉपकडे आहे. आकडा ४१२ वरच बसला तर फोनवरून चढतच नाहीये, मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये तासभर घालवायची गरजच नाही. मग हेच उलट करून बघा, लॅपटॉपवर एक बुकमार्क करा आणि आकडा हलतो का ते पाहा. पासवर्डसाठी याहून सोपं आहे, `passwords.google.com` उघडलं की अकाउंटमध्ये चढलेले पासवर्ड तिथे थेट दिसतात, फोनवर सेव्ह केलेला पासवर्ड त्या यादीत नसेल तर तो फोनमध्येच किंवा भलत्याच ठिकाणी पडलाय.

ही एक तपासणी केली तरी खालचे अर्धे प्रश्न तुमच्यासाठी बाद होतात.

लॅपटॉपवर वर कोपऱ्यात फोटोशेजारी `Paused` दिसतंय. म्हणजे काय झालं?

म्हणजे क्रोमला तुमचं अकाउंट कुठलं ते माहीत आहे, सिंक चालू ठेवायचंय हेही माहीत आहे, पण तुम्ही आत्ता त्या अकाउंटने लॉगिन आहात याचा पुरावा त्याच्याकडे उरलेला नाही. तो पुरावा म्हणजे गुगलच्या साइटची कुकी. ती गेली की सिंक थांबतं. जे आधी उतरलेलं असतं ते लॅपटॉपवर तसंच राहतं, काही पुसलं जात नाही, फक्त नवीन काही येत नाही आणि नवीन काही जात नाही. म्हणूनच हे बरेच दिवस लक्षात येत नाही, जुने बुकमार्क सगळे समोर दिसत असतात ना.

सगळ्यात साधं कारण म्हणजे तुम्ही जीमेल उघडून तिथे साइन आउट केलं. जीमेल, यूट्यूब, ड्राइव्ह, कुठूनही साइन आउट केलं तरी ती एकच कुकी जाते आणि सिंक थांबतं. दुसरं कारण, अकाउंटचा पासवर्ड बदलला, मग बाकीच्या डिव्हाइसवर परत लॉगिन मागतं. दोन्ही वेळा उपाय एकच, प्रोफाइलच्या फोटोवर क्लिक करा, तिथे `Sign in again` किंवा `Verify it's you` असं काहीतरी दिसेल ते दाबा, पासवर्ड टाका, झालं.

ते करून झालं, पण रोज सकाळी परत `Paused` येतं. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, क्रोम बंद केलं की कुकी पुसल्या जातायत.

एक उदाहरण घेऊ. घरचा लॅपटॉप आहे, विंडोज ११, दोघं तिघं वापरतात, म्हणून कोणीतरी काळजीपोटी सेटिंग लावून ठेवलं की क्रोम बंद झाल्यावर सगळ्या साइटचा डेटा पुसून टाक. हेतू चांगला आहे. पण रात्री क्रोम बंद झालं की गुगलची कुकीही पुसली जाते, सकाळी उघडलं की `Paused`. मग लॉगिन केलं की दिवसभर चालतं, रात्री परत तेच. वर सांगितलेली आकड्याची तपासणी केली तर फोनकडून आकडा बरोबर वाढताना दिसतो, लॅपटॉपवर मात्र ते बुकमार्क येत नाही, आणि लॉगिन केल्या केल्या धडाधड सगळे येतात. हे लक्षण दिसलं की समजायचं, फोनचा यात काही संबंध नाही.

अ‍ॅड्रेस बारमध्ये हे टाका:

```
chrome://settings/content/siteData
```

तिथे क्रोम बंद केल्यावर साइटचा डेटा पुसण्याचा पर्याय निवडलेला असेल तर तो बदलून साइटना डेटा ठेवू द्यायचा पर्याय निवडा. पण मुळात पुसायचं कारण खरं असेल, म्हणजे लॅपटॉप चार जणांच्या हातात असेल, तर सरसकट बदलू नका. त्याच पानावर खाली अपवाद टाकायची सोय आहे, ज्या साइटना डेटा ठेवायची परवानगी आहे त्या यादीत `[*.]google.com` घाला. बाकी सगळं पुसलं जाईल, गुगलचं लॉगिन राहील. आणि खरं सांगायचं तर चार जणांच्या लॅपटॉपवर याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येकाचं वेगळं क्रोम प्रोफाइल, म्हणजे बुकमार्कांची खिचडीही होत नाही.

हे सेटिंग ठीक असूनही रोज तेच होत असेल तर लॅपटॉपवर एखादं क्लीनर सॉफ्टवेअर आहे का बघा. काही अँटीव्हायरससोबत पीसी साफ करणारं टूल येतं, ते बूट होताना किंवा रात्री ब्राउजरच्या कुकी उडवतं. त्याच्या सेटिंगमधून क्रोमच्या कुकीवरची टिक काढा. कुकी पुसणारं एक्स्टेन्शन असेल तर तेही तपासा.

मी जीमेलमध्ये लॉगिन आहे, मग सिंक चालूच असायला हवं ना?

नाही. जीमेलला लॉगिन होणं आणि क्रोमला साइन इन करून सिंक चालू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपवर बरेचदा लोक जीमेल उघडतात, कोपऱ्यात स्वतःचा फोटो दिसतो, आणि वाटतं झालं सगळं. `chrome://settings/syncSetup` उघडा किंवा सेटिंगमध्ये सगळ्यात वरचं तुमचं नाव बघा, तिथे सिंक चालू करायचं बटण अजून तसंच दिसत असेल तर ते कधी चालूच झालेलं नाही. चालू असेल तर काय काय सिंक करायचं ती यादीही बघून घ्या, कधी कधी त्यात `Bookmarks` किंवा `Passwords` एवढंच बंद असतं.

फोनवर नव्या व्हर्जनमध्ये क्रोमला साइन इन केलं की बुकमार्क आणि पासवर्ड अकाउंटमध्ये जायला लागतात, वेगळं सिंकचं बटण नसतं. पण साइन इन करायच्या आधी जे फोनवर साठवलं होतं ते आपोआप चढेलच असं नाही. बुकमार्कच्या यादीत दोन भाग दिसतील, एक अकाउंटमधला आणि दुसरा `Only on this device`. त्या दुसऱ्या भागातलं काहीही लॅपटॉपवर येणार नाही, कितीही थांबलात तरी. त्यातलं बुकमार्क निवडून वरच्या भागातल्या फोल्डरमध्ये हलवा, लगेच जाईल.

फोनवर दोन जीमेल आहेत. त्याने फरक पडतो का?

भरपूर पडतो. फोन नवीन घेताना दुकानात घाईत जे अकाउंट टाकलं गेलं ते पहिलं बसतं, बरेचदा क्रोमही तेच धरतं, आणि तुम्ही लॅपटॉपवर वर्षानुवर्षं दुसरंच वापरत असता. दोन्हीकडे सिंक अगदी व्यवस्थित चालू असतं, कुठेही एरर नाही, फक्त दोन वेगळ्या अकाउंटमध्ये. म्हणून फोटो बघून ठरवू नका, दोन्ही अकाउंटला एकच फोटो असू शकतो. दोन्हीकडे क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण ईमेल अक्षर न् अक्षर वाचा. एखादं अक्षर किंवा आकडा वेगळा असतो आणि आपण वाचतच नाही.

फोनवरचं बुकमार्क सर्व्हरवर आहे म्हणता, पण लॅपटॉपच्या बुकमार्क पट्टीवर दिसत नाही.

ते आलेलं असण्याची शक्यता जास्त आहे, फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये. फोनवर केलेले बुकमार्क सहसा `Mobile bookmarks` या फोल्डरमध्ये पडतात, आणि लॅपटॉपवर पट्टीवर तेवढेच दिसतात जे `Bookmarks bar` मध्ये आहेत. लॅपटॉपवर `Ctrl+Shift+O` दाबा, मॅकवर `Cmd+Option+B`, बुकमार्क मॅनेजर उघडेल, डाव्या बाजूला `Mobile bookmarks` शोधा. तिथून ओढून पट्टीवर आणा. फोनवर पान `Reading list` मध्ये टाकलं असेल तर तेही बुकमार्कात मिळणार नाही, ती यादी वेगळी आहे.

बुकमार्क सगळे येतात, पासवर्डच येत नाहीत. हे कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे, कारण फोनवर पासवर्ड नेहमी क्रोमच सेव्ह करतो असं नाही. सॅमसंगच्या फोनवर सॅमसंग पास असतो, आयफोनवर अ‍ॅपलचा स्वतःचा पासवर्ड साठा असतो, आणि लॉगिन केल्यावर "पासवर्ड सेव्ह करू का" असं जे खालून येतं ते गुगलकडून आलं का दुसऱ्याकडून हे घाईत कोण वाचतं? सॅमसंग पासमध्ये सेव्ह झालेला पासवर्ड लॅपटॉपच्या क्रोममध्ये येणार नाही, यात सिंक बिघडलेलंच नाही, पासवर्ड वेगळ्या कपाटात ठेवलाय.

तपासायचं असं: बँकेचा किंवा वीजबिलाच्या साइटचा पासवर्ड फोनवर आपोआप भरला जातोय पण `passwords.google.com` वर त्या साइटचं नाव नाही, तर तो नक्की दुसरीकडे आहे. अँड्रॉइडवर फोनच्या सेटिंगमध्ये वर सर्चमध्ये `autofill` टाका, जी सर्व्हिस निवडलेली आहे ती बघा आणि तिच्या जागी गुगल निवडा. आयफोनवरही सेटिंगमध्ये ऑटोफिल शोधा आणि क्रोम चालू करा. हे केल्याने जुने पासवर्ड आपोआप हलत नाहीत बरं का, फक्त इथून पुढचे बरोबर जागी जातील, जुने एकेका साइटवर लॉगिन करताना परत सेव्ह करावे लागतात.

दुसरं कारण गुगल प्ले सर्व्हिसेस. अँड्रॉइडवर क्रोमचे पासवर्ड प्रत्यक्षात त्याच्यामार्फत चालतात, ते जुनं राहिलं तर क्रोममध्ये पासवर्डच्या जागी ते अपडेट करा असा मेसेज दिसतो. बरेच जण तो मेसेज बाजूला सारतात कारण त्यात क्रोमचं नाव नसतं. प्ले स्टोअरमधून अपडेट करा आणि फोन एकदा रीस्टार्ट करा.

सिंक पासफ्रेज मागतंय. मी असं काही ठेवलेलंच आठवत नाही.

कोणीतरी कधीतरी ठेवलेला आहे, कदाचित तुम्हीच, जुन्या लॅपटॉपवर. हा अकाउंटच्या पासवर्डपेक्षा वेगळा शब्द असतो, त्याने तुमचा डेटा असा बंद केला जातो की गुगललाही वाचता येत नाही, त्यामुळे विसरलात तर गुगलकडूनही तो मिळत नाही. पासफ्रेज असताना `passwords.google.com` वरही तुमचे पासवर्ड दिसत नाहीत, हीसुद्धा एक खूण आहे.

आठवत नसेल तर एकच रस्ता, `chrome.google.com/sync` वर खाली डेटा पुसायचं बटण आहे, त्याने सर्व्हरवरची प्रत जाते आणि पासफ्रेजही जातो. डिव्हाइसवरच्या प्रती राहतात. तरीही ते दाबायच्या आधी ज्या लॅपटॉपवर सगळे बुकमार्क आणि पासवर्ड शाबूत दिसतायत तिथून फाइल काढून ठेवा, बुकमार्क मॅनेजरमधून `Export bookmarks` आणि `chrome://password-manager/settings` मधून पासवर्ड. पासवर्डची ती फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतं, म्हणून काम झालं की ती डिलीट करा आणि रिसायकल बिनमधूनही काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला वगैरे पाठवू नका. मग आधी त्याच पूर्ण डेटावाल्या लॅपटॉपवर सिंक चालू करा, फोनवर नंतर.

गुगलचं १५ जीबी भरलंय असा मेसेज येतोय. त्यामुळे थांबलं का?

त्यामुळे नाही. ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोंसाठी मिळून आहेत, बुकमार्क आणि पासवर्ड त्यात मोजले जात नाहीत. मेल यायचे थांबतील, फोटोंचा बॅकअप थांबेल, पण क्रोम सिंक त्याने बंद पडत नाही. ते बंद दिसतंय म्हणून फोटो डिलीट करत बसू नका.

फोनची स्वतःची मेमरी मात्र वेगळी गोष्ट आहे. ती पार संपत आली की अँड्रॉइड बॅकग्राउंडमधली कामं आवरतं घेतं, अ‍ॅपना नवीन काही लिहायला जागा नसते, प्ले सर्व्हिसेसही अपडेट होत नाही, आणि मग पासवर्ड अडकतात. दोन तीन जीबी तरी मोकळे करा, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ हा पहिला उमेदवार. लॅपटॉपवर सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर तिथेही क्रोमला स्वतःच्या फाइल लिहिता येत नाहीत, बुकमार्क केलेलं दिसतं आणि रीस्टार्टनंतर गायब.

जागा करायच्या नादात एक चूक होते. फोनच्या अ‍ॅप इन्फोमध्ये क्रोमचा `Clear cache` दाबला तर काही बिघडत नाही, पण त्याच्याच शेजारून सगळा डेटा पुसला तर फक्त फोनमध्येच असलेलं जे होतं, ते `Only on this device` वालं, ते सगळं जातं. आधी ते अकाउंटमध्ये हलवा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच जमत नाही, बटणच दिसत नाही.

`chrome://policy` उघडा. तिथे `SyncDisabled` समोर `true` दिसलं तर कंपनीने सिंक बंद ठेवलंय, तुमच्याकडून ते चालू होणार नाही आणि खटपटही करू नका, आयटीवाल्यांना विचारा. कॉलेजने दिलेल्या अकाउंटचंही तसंच, अ‍ॅडमिनने बंद केलं असेल तर स्वतःच्या घरच्या लॅपटॉपवरही ते अकाउंट सिंक करणार नाही. आणि बंद नसलं तरी माझं मत असं की घरच्या बँकेचे पासवर्ड ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरवूच नयेत. नोकरी सोडताना लॅपटॉप परत द्यायचा असतो.

लॅपटॉप जुना आहे, विंडोज ७. चालेल का?

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमचं शेवटचं व्हर्जन १०९ आहे, फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं ते विंडोज १० पासून पुढेच चालतं. म्हणजे तुमचं क्रोम तिथेच थांबलंय, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, आणि अशा क्रोममध्ये सगळे पासवर्ड ठेवणं मला पटत नाही. लिनक्सवाल्यांसाठी वेगळी सूचना: डिस्ट्रोमधून येणारं क्रोमियम वापरत असाल तर १५ मार्च २०२१ पासून गुगलने त्याला सिंकचा दरवाजा बंद केलाय, तिथे सेटिंग शोधून उपयोग नाही, क्रोम टाका.

जुन्या लॅपटॉपवर घड्याळही बघा. आतला सेल संपला की तारीख मागे जाते आणि लॉगिनच्या पानावरच `NET::ERR_CERT_DATE_INVALID` अशी एरर येते. तारीख बरोबर केली की लगेच चालू.

सिंक बंद करून परत चालू केलं तर सगळं उडेल का?

उडत नाही, पण दुप्पट होऊ शकतं. परत चालू करताना क्रोम लॅपटॉपवरचं आणि सर्व्हरवरचं एकत्र करतं, फोल्डरची नावं किंवा जागा जरा वेगळी असली की एकच बुकमार्क दोनदा दिसतं. बंद करताना या डिव्हाइसवरचा डेटा पुसू का असा टिक बॉक्स येतो, स्वतःच्या लॅपटॉपवर ती टिक करू नका.

उडतं ते दुसऱ्याच गोष्टीने. सिंक चालू असताना एका ठिकाणी डिलीट केलेलं सगळीकडून डिलीट होतं. `Delete browsing data` मध्ये अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पासवर्डची टिक लावून पुसलं तर ते अकाउंटमधून जातात, फोनवरूनही.

चुकून लॅपटॉपवर पूर्ण फोल्डर डिलीट झालं. आता?

बुकमार्क मॅनेजर अजून उघडा असेल तर लगेच `Ctrl+Z`, परत येतं. ते जमलं नाही तर फोन पटकन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा. फोनपर्यंत डिलीटची बातमी अजून पोचली नसेल तर ते फोल्डर फोनमध्ये शाबूत असेल, त्यातली महत्त्वाची नावं आणि लिंक बाजूला लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा, मगच नेट चालू करा. तेही हुकलं तर लॅपटॉपवर क्रोम पूर्ण बंद करा, नेट काढा आणि विंडोज असेल तर या फोल्डरमध्ये जा:

```
%LOCALAPPDATA%\Google\Chrome\User Data\Default
```

इथे `Bookmarks` आणि `Bookmarks.bak` अशा दोन फाइल असतात, दुसरी आधीची प्रत आहे. प्रोफाइल एकापेक्षा जास्त असतील तर `Default` ऐवजी `Profile 1` वगैरे बघा. क्रोम परत उघडायच्या आधी `Bookmarks.bak` डेस्कटॉपवर कॉपी करा, कारण क्रोम पुन्हा चालू झालं की तीही बदलू शकते. ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडली की त्यात प्रत्येक बुकमार्कचं नाव आणि लिंक साध्या अक्षरात वाचता येते, हवं ते तिथून उचलून हाताने परत बुकमार्क करा. फाइल सरळ जागच्या जागी बदलून टाकली तर नेट जोडल्यावर सिंक सर्व्हरवरचं डिलीट परत त्यावर लावू शकतं, म्हणून हाताने केलेलं बरं.

आणखी काहीच सापडलं नाही तर?

लॅपटॉपवर `chrome://sync-internals` उघडा. पान किचकट आहे, पण वरच्या भागात `Transport State` एवढंच वाचा. `Active` असेल तर लॅपटॉप सर्व्हरशी बोलतोय, मग अकाउंट वेगळं आहे का किंवा फोल्डर वेगळा आहे का तिकडे परत जा. `Paused` असेल तर कुकीच्या उत्तराकडे. `Disabled` दिसलं तर त्याच्या जवळच `Disable Reasons` मध्ये कारण लिहिलेलं असतं. मदत मागायला जाताना या तीनपैकी काय दिसलं, आणि वरचा आकडा फोनने हलला का लॅपटॉपने, एवढं सांगितलंत तर उत्तर देणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर त्यावरचा तुमचा ईमेल आधी झाकून घ्या.